बिझनेस प्लॅनमधलं 'पैसा कुठून येणार' हे पान कसं लिहायचं: लोन, एंजल, क्राउडफंडिंग आणि अनुदान यांची तुलना, एका कोकम युनिटच्या आकड्यांसह

प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना बहुतेक जण प्रॉडक्ट, मार्केट, मशिनरी यावर वीस पानं लिहितात आणि पैशाच्या पानावर दोन ओळी, "बँक लोन अमुक, स्वतःचे तमुक". आणि बँकेतला माणूस नेमकं तेच पान आधी उघडतो. मी स्वतः सिंधुदुर्गात फूड प्रोसेसिंगचं छोटं युनिट उभं करताना या सगळ्यातून गेलोय, आणि त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांचे रिपोर्ट बघितलेत. गोंधळ सगळ्यांचा एकाच जागी होतो. चारही मार्ग "पैसे मिळण्याचे चार पर्याय" म्हणून शेजारी शेजारी ठेवले जातात आणि ज्यात व्याज कमी तो चांगला असं ठरतं. पण हे चार पैसे चार वेगळ्या वेळी येतात, वेगळ्या खर्चाला चालतात, आणि बदल्यात मागतातही वेगळंच काहीतरी. तुलना करायची ती त्यावर.

खाली एकच उदाहरण घेतलंय, कुडाळच्या आसपास गावात कोकमाचं आगळ, सरबताचं सिरप आणि अमसूल करणारं नवीन युनिट. आकडे समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या धंद्याचे आकडे तुम्ही घाला, पद्धत तीच राहील.

१. आधी खर्चाचे तीन ढीग करा, मग पैशाकडे वळा

रिपोर्टच्या भाषेत याला कॉस्ट ऑफ प्रोजेक्ट म्हणतात. सगळा खर्च एका बेरजेत टाकू नका, तीन भाग करा, कारण पुढे प्रत्येक भागाला वेगळा पैसा लावायचाय.

पहिला भाग कायम राहणारा खर्च. आपल्या युनिटमध्ये फळ धुण्याचं आणि बिया काढण्याचं मशीन, ड्रायर, स्टीलच्या टाक्या, बाटली भरून सील करायचं मशीन मिळून 9 लाख, आणि शेडची दुरुस्ती, लादी, पाण्याचा निचरा वगैरे बांधकाम 3.5 लाख. एकूण 12.5 लाख.

दुसरा भाग खेळतं भांडवल, 4.5 लाख. कोकमात हे नीट समजून घ्या, कारण फळ एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंतच मिळतं, म्हणजे वर्षभर विकायचा माल दोन-अडीच महिन्यांत रोख पैसे मोजून उचलायचा, साखर-मीठ-बाटल्या-लेबलं त्याच वेळी, मजुरीही त्याच वेळी, आणि विक्रीचे पैसे मात्र पुढे बारा महिने थोडे थोडे येणार.

तिसरा भाग सुरुवातीचा सुटा खर्च, 1 लाख. लॅब टेस्टिंग, फूड लायसन्स, लेबल डिझाइन, ट्रेडमार्क, आणि महावितरणचं थ्री फेज कनेक्शन घ्यायचं असेल तर त्याचं डिपॉझिट. हा भाग लोक विसरतात आणि मग मशीन येऊन पडतं पण चालू करायला वीज नसते.

एकूण 18 लाख. आता हे 18 लाख कुठून येणार ते दाखवायचं, त्याला मीन्स ऑफ फायनान्स म्हणतात, आणि दोन्ही बाजूंची बेरीज रुपयाला रुपया जुळली पाहिजे.

२. लोन: व्याजदर नंतर बघा, हप्ता झेपतो का ते आधी बघा

12.5 लाखांच्या कायम खर्चाला टर्म लोन आणि 4.5 लाखांच्या खेळत्या भांडवलाला कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, ज्यात ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे काढायचे आणि विक्री झाली की परत भरायचे. ही सरमिसळ कधीच करू नका. टर्म लोनच्या पैशातून कोकम विकत घेतलं तर मशीनचं पेमेंट अडतं, आणि सीसीच्या पैशातून मशीन घेतलं तर सीझनला हातात काहीच उरत नाही. बँक टर्म लोनचे पैसे बहुतेक वेळा थेट मशीनवाल्याच्या खात्यात पाठवते ते यासाठीच.

कॅश क्रेडिट किती मिळेल याचा छोट्या युनिटसाठी एक ठोकताळा बँका वापरतात. वर्षाची अंदाजे विक्री धरायची, तिच्या 25 टक्के खेळतं भांडवल लागणार असं मानायचं, त्यातले विक्रीच्या 20 टक्के बँक देणार आणि 5 टक्के तुम्ही घालणार. आपली पहिल्या वर्षाची विक्री 18 लाख धरली तर 4.5 लाख लागणार, त्यात बँकेचे 3.6 लाख आणि तुमचे 90 हजार. म्हणून विक्रीचा आकडा उगाच फुगवला की सीसी जास्त मिळेल असं वाटतं, पण वाढलेल्या आकड्याला तुमचा हिस्साही वाढतो आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलला बँक खरी विक्री मागते.

टर्म लोनमध्ये तुमचा हिस्सा 10 टक्के धरला तर 1.25 लाख तुमचे आणि 11.25 लाख बँकेचे. व्याज 11 टक्के धरू. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साधारण 24,460 रुपये, म्हणजे वर्षाला 2.94 लाख. आता हातात काय उरतं ते बघा. 18 लाख विक्रीतून कच्चा माल आणि पॅकिंग 9.5 लाख, मजुरी 2.4, वीज-इंधन 80 हजार, वाहतूक-जाहिरात-किरकोळ 1.5 लाख, म्हणजे खर्च 14.2 आणि उरले 3.8 लाख. त्यातून सीसीचं व्याज साधारण 40 हजार वजा केलं की 3.4 लाख. याच पैशातून हप्ते जाणार.

इथे बँक एक भागाकार करते, डीएससीआर नावाचा.

निव्वळ नफा + घसारा + टर्म लोनचं व्याज, भागिले टर्म लोनचं वर्षाचं व्याज + मुद्दल

नाव जड आहे पण अर्थ सरळ आहे, हप्त्यासाठी हातात किती पैसे आहेत आणि हप्ता किती आहे. आपलं उत्तर येतं 3.4 भागिले 2.94, म्हणजे 1.16. बँकेला साधारण दीडच्या आसपास आवडतं. 1.16 म्हणजे एका सीझनला फळ कमी आलं किंवा एका व्यापाऱ्याने पैसे थकवले की हप्ता गेलाच. अशा वेळी लोक विक्रीचे आकडे वाढवून उत्तर दीडवर आणतात, तसं करू नका, मुदत वाढवून मागा. तेच 11.25 लाख सात वर्षांत फेडायचे तर हप्ता 19,260 च्या आसपास, वर्षाला 2.31 लाख, आणि उत्तर 1.47. व्याज एकूण जास्त जाईल हे खरं, पण पहिली दोन वर्षं श्वास घ्यायला जागा राहते आणि छोटं युनिट याच दोन वर्षांत बुडतं किंवा तरतं.

सोबत मोरेटोरियम मागा, म्हणजे सुरुवातीचे काही महिने मुद्दल फेडायचं नाही. एप्रिलमध्ये मशीन लागलं तर निदान सहा महिने. रिपोर्टमध्ये त्याचं कारण लिहा, "माल जूनपर्यंत तयार होतो, विक्री त्यानंतर", नुसती विनंती नको.

तारणाबद्दल दोन गोष्टी. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या ठराविक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई नावाची सरकारी हमी घेता येते, तिची वार्षिक फी तुमच्याकडून जाते. आपलं टर्म लोन आणि सीसी मिळून 14.85 लाख होतं, ते सध्याच्या मर्यादेत बसतं का हे शाखेत विचारा, बसत नसेल तर हमीची फी खर्चात धरा. आणि मुद्रा म्हणजे सबसिडी नव्हे बरं का, हे इतक्या जणांना वाटतं म्हणून सांगतो. मुद्रा हे लोनच आहे, पूर्ण फेडायचं.

३. अनुदान: मंजूर झालं म्हणजे हातात आलं असं नाही

अनुदान या एका शब्दाखाली दोन वेगळे प्रकार येतात. एक लोनला जोडलेली सबसिडी, आणि दुसरा नवीन कल्पना सिद्ध करायला मिळणारा निधी.

दुसऱ्या प्रकाराचं लवकर सांगून टाकतो. योजना चालू असेल तेव्हा स्टार्टअप इंडिया सीड फंडमधून 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण ते प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी, मान्यता असलेल्या कंपनीला, इन्क्युबेटरमार्फत, टप्प्याटप्प्याने. शेड बांधायला किंवा नेहमीची मशिनरी घ्यायला नाही. तुम्ही कोकमाच्या सालीपासून रंग वेगळा काढायची नवीन पद्धत शोधली असेल तर जरूर बघा, सरबत करणार असाल तर त्यात वेळ घालवू नका.

आपल्या कामाची आहे ती लोनला जोडलेली सबसिडी. फूड प्रोसेसिंगसाठी पीएमएफएमई आणि कुठल्याही नवीन उद्योगासाठी पीएमईजीपी, या दोन मुख्य. दोन्ही एकाच युनिटला एकत्र मिळत नाहीत, म्हणून आधी आकडे मांडून एक निवडायची.

पीएमएफएमईमध्ये पात्र भांडवली खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. जागेची किंमत आणि खेळतं भांडवल यात धरत नाहीत, आणि बांधकामाचा खर्च पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांच्या आत लागतो. आपलं बांधकाम 12.5 पैकी 3.5 लाख, म्हणजे 28 टक्के, बसतं. सबसिडी होते 4 लाख 37 हजार 500.

पीएमईजीपीमध्ये टक्केवारी तुम्ही कोण आणि कुठे यावर ठरते. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि स्वतःचा हिस्सा 10 टक्के, तर महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना 35 टक्के आणि हिस्सा फक्त 5 टक्के. शहरी भागात दोन्हीकडे 10 टक्क्यांनी कमी. पण इथे खेळतं भांडवलही प्रोजेक्ट कॉस्टमध्ये धरतात. म्हणजे 12.5 अधिक 4.5, 17 लाखांवर हिशोब. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला 4.25 लाख, जवळपास पीएमएफएमईइतकेच. पण तेच युनिट बायकोच्या किंवा बहिणीच्या नावावर असेल, आणि ती ते खरोखर चालवणार असेल, तर 5.95 लाख. नुसतं नाव लावायचं आणि चालवायचं दुसऱ्याने, हे करू नका, प्रत्यक्ष तपासणी होते आणि ट्रेनिंगही तिलाच करावं लागतं.

म्हणून "कुठली योजना चांगली" हा प्रश्न कोणाला विचारू नका, तुमच्या तीन ढिगांवर दोन्हीचा हिशोब करा, दहा मिनिटांचं काम आहे. दोन्ही योजना ठराविक आर्थिक वर्षांसाठी मंजूर होतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी योजना चालू आहे ना आणि टक्केवारी तीच आहे ना हे पोर्टलवर किंवा जिल्हा उद्योग केंद्रात बघून घ्या.

आता सगळ्यात मोठा सापळा. ही सबसिडी तुमच्या हातात येतच नाही. आधी बँक पूर्ण लोन देते, मग सबसिडी मागवली जाते, ती आल्यावर बँकेतच तुमच्या नावाने वेगळी ठेवली जाते आणि तीन वर्षं युनिट चालू राहिलं, खातं नियमित राहिलं, तर लोनमध्ये वळती होते. तोपर्यंत त्या रकमेवर तुम्हाला व्याजही मिळत नाही आणि तेवढ्या लोनवर बँक व्याजही लावत नाही. फायदा खरा आहे, पण तो मागून येतो.

त्यामुळे रिपोर्टमध्ये मीन्स ऑफ फायनान्समध्ये "सबसिडी 4.37 लाख" असं लिहून लोन तेवढंच कमी दाखवलं की प्लॅन तिथेच फसतो, कारण मशीनवाल्याला द्यायला ते 4.37 लाख नसतातच. लोन पूर्ण 11.25 दाखवायचं, आणि खाली वेगळ्या ओळीत सबसिडी कधी अपेक्षित आहे ते लिहायचं. हप्त्याचा तक्ता दोनदा करा. एक सबसिडी येईपर्यंतचा, 19,260 चा. दुसरा 6.87 लाखांवरचा, म्हणजे साधारण 11,770 चा, सबसिडी आल्यावर बँक हप्ता कमी करते की मुदत कमी करते हे शाखेत विचारून. धंदा पहिल्या तक्त्यावर तग धरतो का ते बघायचं. सबसिडी आली तरच चालेल असा धंदा असेल तर तो अजून तयार नाही.

आणि एजंट. "साहेबांशी बोलून काढून देतो, दहा टक्के लागतील" असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. पीएमएफएमईसाठी जिल्ह्यात डिस्ट्रिक्ट रिसोर्स पर्सन नेमलेले असतात, रिपोर्ट करायला आणि अर्ज भरायला तेच मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. कृषी विभागाच्या ऑफिसमध्ये जाऊन त्यांचा नंबर घ्या. तुमचा प्रॉडक्ट बसतो का हेही त्यांनाच आधी विचारा.

४. एंजल गुंतवणूकदार: तुमचा धंदा त्याच्या गणितात बसतो का

एंजल म्हणजे नवीन कंपनीत स्वतःच्या खिशातले पैसे लावणारा माणूस. त्याचे पैसे फेडायचे नसतात म्हणून ते स्वस्त वाटतात. पण तो कंपनीचा वाटा घेतो, आणि तो वाटा पुढे कोणालातरी विकून त्याला पैसे काढायचे असतात. म्हणजे त्याला नुसता नफ्यातला धंदा नको असतो, पाच-सात वर्षांत कित्येक पट मोठा होणारा धंदा हवा असतो.

आपल्या युनिटवर करून बघू. समजा तो 20 लाख देतो आणि 15 टक्के मागतो. म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत 1 कोटी 33 लाख धरली. त्याला सात वर्षांत दहापट हवेत असं धरलं तर त्याचे 20 लाख 2 कोटी झाले पाहिजेत, म्हणजे कंपनी 13 कोटी 33 लाखांची व्हायला हवी, आणि तेही मध्ये दुसरा कोणी गुंतवणूकदार आला नाही तर. 18 लाख विक्रीचं, एका फळावर आणि अडीच महिन्यांच्या सीझनवर चालणारं युनिट तिथे कसं पोचणार? आंबा, जांभूळ, करवंद, फणस घेऊन अनेक प्रॉडक्ट, चार-पाच शहरांत विक्री, ऑनलाइन ब्रँड, असा रस्ता तुमच्या डोक्यात खरंच असेल आणि तो आकड्यांत लिहिता येत असेल तर एंजलकडे जा. नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, वर्षाला चांगलं घर चालवणारं युनिट ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त त्याला लोन शोभतं, एंजल नाही.

जायचंच असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. प्रोप्रायटरशिपमध्ये शेअर देता येत नाहीत, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते, आणि तिचा सीए, ऑडिट, आरओसी फायलिंगचा खर्च दरवर्षीचा असतो, तो खर्चाच्या पानावर दिसला पाहिजे. दुसरं, "एक कोटी व्हॅल्युएशन" असं बोलणं झालं की लगेच विचारा, पैसे येण्याआधीची किंमत की आल्यानंतरची. आधीची असेल तर 20 लाखांना 1 कोटी 20 लाखांतले 16.67 टक्के जातात, नंतरची असेल तर सरळ 20 टक्के. एका शब्दावर 3.33 टक्के कंपनी जाते. तिसरं, एंजल टॅक्सची भीती जुन्या लेखांत वाचाल, तो 2024 च्या बजेटमध्ये रद्द झालाय, पण व्हॅल्युएशन रिपोर्ट कंपनी कायद्यासाठी तरीही लागतोच.

परदेशातला काका किंवा मावसभाऊ पैसे लावायला तयार असतो, आपल्याकडे हे बऱ्याच घरांत असतं. त्याला कंपनीचे शेअर द्यायचे असतील तर पैसे बँकेच्या अधिकृत मार्गाने यायला हवेत आणि परत नेता येतील अशा बेतानं लावले असतील तर शेअर दिल्यापासून 30 दिवसांत एफसी-जीपीआर नावाचा फॉर्म भरायला लागतो. पैसे मागवायच्या आधी सीएशी बोला, आल्यावर नको. आणि इथल्या नातेवाइकांकडून उसने घेत असाल तर 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, खात्यावर घ्या आणि साध्या कागदावर का होईना लिहून ठेवा. बँक तुमचा हिस्सा कुठून आला ते विचारते.

५. क्राउडफंडिंग: हे भांडवल कमी आणि आगाऊ विक्री जास्त

इथे आधी कायद्याचं. लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन बदल्यात कंपनीचे शेअर द्यायचे, असं खुलं क्राउडफंडिंग भारतात चालत नाही, सेबीने 2016 मध्ये अशा प्लॅटफॉर्मबद्दल सावधही केलं होतं. खासगी कंपनी शेअर देते ते निवडक लोकांना, नावानिशी ऑफर देऊन, वर्षाला 200 जणांच्या आत, आणि त्याची जाहिरात करता येत नाही. त्यामुळे गावाच्या किंवा मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "5 हजार भरा, युनिटचे भागीदार व्हा" असा मेसेज टाकू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. "5 हजार द्या, वर्षाने 6 हजार परत" हे तर त्याहून वाईट, ते लोकांकडून ठेवी घेणं झालं आणि त्यावर 2019 चा कडक कायदा आहे.

मग उरतं ते दोन प्रकारचं, देणगी आणि प्री-ऑर्डर. धंद्याला देणगी कोणी का द्यावी, म्हणून प्री-ऑर्डर. कोकणाबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना घरचं आगळ हवंच असतं, त्यामुळे हे इथे खरंच जमतं. पण प्लॅनमध्ये तो आकडा कसा लिहायचा ते बघा.

समजा 500 रुपयांचे 200 बॉक्स आधीच विकले, एक सिरपची बाटली, एक आगळाची, अमसुलाचं पाकीट. 1 लाख जमा. लोक हे 1 लाख सरळ भांडवलात लिहितात. पण प्रत्येक बॉक्समधला माल बनवायला 190, खोका आणि आतलं पॅकिंग 25, कुरिअर 85, पेमेंट गेटवे 10, म्हणजे 310 रुपये तुम्ही अजून खर्च करायचेत. 200 बॉक्सचे 62 हजार. खरे वापरता येण्यासारखे फक्त 38 हजार. बाकी ग्राहकांचं देणं आहे. काचेची बाटली असेल तर फुटीचा हिशोबही यातच धरा, मी तरी दूर पाठवायला प्लॅस्टिकची बाटलीच सुचवेन.

कंपनी असेल तर आगाऊ घेतलेल्या पैशाचा माल 365 दिवसांच्या आत द्यायला लागतो, नाहीतर ती रक्कम ठेव धरली जाते. आणि कोकमाचा सीझन चुकला तर पुढचा वर्षभराने, म्हणजे मुदत दिसते तितकी लांब नाही.

पण या 38 हजारांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या 200 ऑर्डरी. बँकेला 18 लाख विक्री होणार हे तुम्ही सांगताय म्हणून पटत नाही, खात्यावर आलेले 200 जणांचे पैसे दाखवले की पटतं. म्हणून प्री-ऑर्डर ही लोनच्या अर्जाआधी करा आणि त्याचं बँक स्टेटमेंट रिपोर्टला जोडा. पहिली बॅच घरगुती पद्धतीने केलेली असली तरी फूड रजिस्ट्रेशन काढूनच विका.

६. आता तक्ता मांडा

आपल्या युनिटचा, सर्वसाधारण गट आणि पीएमएफएमई धरून:

- टर्म लोन: 11.25 लाख (मशिनरी आणि शेडसाठी)
- कॅश क्रेडिट: 3.60 लाख (कोकम, साखर, बाटल्या, मजुरी)
- प्री-ऑर्डरमधून खर्च वजा जाता: 0.38 लाख (सुट्या खर्चासाठी)
- स्वतःचे: 2.77 लाख (मशिनरीत 1.25, खेळत्या भांडवलात 0.90, सुट्या खर्चात 0.62)
- एकूण: 18 लाख

एंजलची ओळ नाही, आणि ती का नाही हे दोन वाक्यांत लिहा. "चारही मार्ग बघितले, हा धंदा कर्ज फेडू शकतो आणि कित्येक पट वाढीचा दावा आम्ही करत नाही", एवढं पुरतं. निवडलेल्या मार्गाइतकंच सोडलेल्या मार्गाचं कारण वाचणाऱ्याला सांगतं की यांनी विचार केलाय.

तक्त्याखाली महिन्यांचा क्रम द्या, हा भाग फार कमी लोक लिहितात. सप्टेंबरपर्यंत अर्ज आणि कोटेशन, जानेवारीपर्यंत मंजुरी, मार्चअखेर मशीन बसून ट्रायल, एप्रिलला सीसी खुलं, जूनपर्यंत माल तयार, ऑक्टोबरपासून हप्ता. टर्म लोन मंजूर झालं पण सीसी अजून प्रोसेसमध्ये आणि तोवर मे संपला, असं झालं तर मशीन वर्षभर नुसतं बसून राहतं आणि हप्ते मात्र चालू होतात. म्हणून दोन्ही मंजुऱ्या एकाच पत्रात मागा.

७. कागदपत्रं, आणि त्यातल्या अडणाऱ्या जागा

आधार, पॅन, फोटो, उद्यम रजिस्ट्रेशन, मागच्या वर्षभराचं बँक स्टेटमेंट, असतील तर दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न, मशिनरीची जीएसटी नंबर असलेली कोटेशनं, बांधकामाचं इंजिनिअरचं एस्टिमेट, जागेचा सातबारा आणि आठ अ किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पीएमईजीपी असेल तर जातीचा दाखला, शिक्षणाचा दाखला आणि लोकसंख्येचा ग्रामीण दाखला. सिबिल रिपोर्ट अर्जाआधी स्वतः काढून बघा, जुन्या मोबाइलच्या किंवा गाडीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता राहिलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही नसतं.

अडतं ते बहुतेक जागेच्या कागदावर. एका ओळखीच्या मुलाच्या फाइलमध्ये आकडे सगळे बरोबर होते, ऑफिसरने भाडेकरार उलटला, तारखेभोवती पेन्सिलने गोल केला आणि फाइल परत दिली. करार होता 11 महिन्यांचा, लोन मागितलं होतं सात वर्षांचं. भाड्याची जागा असेल तर करार लोनच्या मुदतीइतका तरी हवा आणि रजिस्टर केलेला हवा, त्याची स्टॅम्प ड्युटी सुट्या खर्चात धरा. स्वतःची जागा असेल आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर बाकी तिघांची लेखी संमती आधी घ्या, त्यातला एक मुंबईत आणि एक पुण्यात असतो, गणपतीला सगळे घरी येतात तेव्हाच हे काम उरकून टाका, सप्टेंबरच्या अर्जाला ते बरोबर वेळेत होतं.

फाइल देताना दोन प्रती करा आणि तुमच्या प्रतीवर आवक नंबर आणि तारीख घातल्याशिवाय काउंटर सोडू नका. ऑनलाइन अर्ज केला असेल तरी त्याचा आयडी लिहून शाखेत एक प्रत द्या, पोर्टलवर "बँकेकडे पाठवला" असं दिसत असतं आणि शाखेत तो कोणी उघडलेलाच नसतो.